नवजात बाळाची कावीळ: आकडा किती, आणि तो कितव्या तासाचा?

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ओपीडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "डॉक्टर, हा पिवळा दिसतोय का हो?" विचारणारी बहुतेकदा आजी असते, आणि बहुतेकदा तिचं बरोबर असतं. गेली अनेक वर्षं दिलेली उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे.

बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागलं. याला काळजीची कावीळ म्हणायचं का?

पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी साधारण सहा बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांत हे प्रमाण दहात आठपर्यंत जातं. म्हणजे पिवळं न पडणारं बाळच कमी.

कारण असं. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मल्यावर एवढ्या पेशी लागत नाहीत आणि त्या मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा लवकर मोडतातही. मोडलेल्या पेशींतून बिलीरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते शरीराबाहेर टाकण्याजोगं करून पित्तात सोडणं हे यकृताचं काम, पण बाळाचं यकृत या कामाला नवखं असतं. शिवाय आतड्यात उतरलेलं बिलीरुबिन शीवाटे गेलं नाही तर पुन्हा रक्तात शोषलं जातं. माल जास्त, कामगार नवा, आणि टाकलेला माल परत दारात. हा पिवळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन आठवड्यांत ओसरतो.

याला एक अपवाद आहे आणि त्यात तडजोड नाही. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं, तर ते नेहमीचं समजायचं नाही. रक्त वेगाने मोडत असल्याची ती खूण असू शकते. तपासणी त्याच दिवशी, त्याच तासाला.

मोठ्यांना होते तीच ही कावीळ का? घरात इतरांना लागेल?

नाही. मोठ्यांची कावीळ बरेचदा दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूमुळे होते. वर सांगितलेली बाळाची कावीळ कुणालाच लागत नाही. बाळंतिणीला वेगळं बसवू नका.

घरी नीट कसं बघायचं?

बाळाला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात घ्या. पिवळ्या बल्बखाली किंवा पिवळ्या-केशरी भिंतींच्या खोलीत नको. दुपटंही पांढरं असू द्या, कारण हळदी रंगाच्या दुपट्यात गोरं बाळ पिवळं आणि पिवळं बाळ आणखी पिवळं दिसतं. मग कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकं दाबून सोडा. रक्त बाजूला सरतं आणि क्षणभर त्वचेचा खरा रंग दिसतो. तेच छातीवर, पोटावर, मांडीवर, पावलावर करा. सावळ्या बाळात त्वचेपेक्षा हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग जास्त खरं सांगतात.

पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. चेहऱ्यापुरता असेल तर बिलीरुबिन सहसा कमी असतं. तळहात-तळपायांपर्यंत पोचला असेल तर बरंच वर गेलेलं असतं. पण या खुणेवर उपचार ठरवता येत नाहीत. डोळ्यांनी बघून आकडा सांगण्यात अनुभवी डॉक्टर आणि नर्सही चुकतात, मीही चुकलो आहे. म्हणून पोटाच्या खाली पिवळं दिसलं की मोजून घ्यायचं. मोबाइलवर फोटो पाठवू नका. कॅमेरा रंग स्वतःच दुरुस्त करतो.

मोजायचे दोन मार्ग आहेत. एक छोटं यंत्र कपाळावर किंवा छातीवर टेकवतात, टोचावं लागत नाही. त्याचा आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला की टाचेतून किंवा शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात.

रिपोर्टमध्ये १४ आलंय. जास्त आहे का?

या प्रश्नाला मी नेहमी उलट प्रश्न विचारतो: बाळ किती तासांचं होतं तेव्हा?

बिलीरुबिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. मोठ्या माणसात ते एकाच्या आसपास असतं, म्हणून लॅबच्या छापील कागदावर नवजात बाळाच्या आकड्यासमोर बहुतेक वेळा लाल खूण किंवा बाण येतो आणि घरातले घाबरतात. तो बाण विसरा. बाळाचा आकडा तासातासाला बदलत असतो, त्यामुळे त्याची रेषाही वयाप्रमाणे सरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका तक्त्याप्रमाणे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला दुसऱ्या दिवशी १५, तिसऱ्या दिवशी १८ आणि चौथ्या दिवसापासून २० च्या आसपास लाइटचा उपचार सुरू करतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा इतर धोका असलेल्या बाळासाठी हेच आकडे १३, १६ आणि १७ आहेत. पहिल्या दिवशी तर आकडाच नाही, पिवळं दिसलं की उपचार.

आता १४ कडे परत या. पूर्ण दिवसांच्या, नीट दूध पिणाऱ्या पाच दिवसांच्या बाळाला १४ असेल तर मी घरी पाठवतो. तेच १४ तीस तासांच्या बाळात असेल, बाळ ३५ आठवड्यांचं असेल, तर मी त्याला लगेच लाइटखाली ठेवतो. शेजारणीच्या नातवाला १६ असून काही केलं नाही आणि आपल्या बाळाला १४ वरच पेटीत का ठेवलं, याचं उत्तर इथे आहे.

काही रुग्णालयांत दिवसांऐवजी तासांचा आलेख वापरतात, ज्यात प्रत्येक आठवड्याच्या बाळाची रेषा वेगळी असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली आपले आलेख बदलले आणि रेषा थोड्या वर नेल्या. त्यामुळे दोन डॉक्टरांच्या सांगण्यात एक-दीड मिलिग्रॅमचा फरक पडला तर लगेच कुणीतरी फसवतंय असं समजू नका.

कोणत्या बाळांची रेषा खाली धरतात?

दिवस जितके अपुरे तितकी रेषा खाली. ३६-३७ आठवड्यांचं बाळ वजनाने चांगलं असलं की घरचे त्याला पूर्ण दिवसांचं समजतात, पण त्याचं यकृत वजन बघून काम करत नाही. शिवाय ते दूध ओढतानाच दमून झोपतं.

दुसरं, रक्तगट. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, किंवा आई ओ आणि बाळ ए किंवा बी, अशा जोडीत आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाच्या पेशी मोडू शकतात. ओ गटाच्या सगळ्याच आयांच्या बाळांना हे होत नाही, पण नजर ठेवावी लागते. आई निगेटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह निघाल्यावर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन देतात. ते या बाळासाठी नसतं, पुढच्यासाठी असतं.

याशिवाय जंतुसंसर्ग, आधीच्या भावंडाला काविळीसाठी लाइटमध्ये ठेवावं लागणं, आणि प्रसूतीत डोक्यावर आलेली रक्ताची गाठ. गाठीतलं रक्त विरघळताना त्याचंही बिलीरुबिनच होतं.

घरी सोडलं तेव्हा बाळ ठीक होतं. दोनच दिवसांत एवढं कसं वाढलं?

कारण बहुतेक आया ४८ तासांनी घरी जातात आणि कावीळ टोकाला पोचते तिसऱ्या ते पाचव्या दिवसात. म्हणजे नेमकं माहेरी, बारशाची बोलणी चालू असताना. नमुन्यादाखल एक बाळ घेऊ.

मुलगा, ३७ आठवडे, जन्माचं वजन २९०० ग्रॅम. आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. पहिलटकरीण, दूध अजून उतरायचं होतं. ४० तासांचा असताना बिलीरुबिन ९. धोक्याची रेषा धरली तरी त्या दिवशीची मर्यादा १३, म्हणून घरी सोडलं आणि "परवा सकाळी नक्की दाखवा" असं कार्डावर लिहून दिलं. घरी बाळ शांत होतं. सलग पाच तास झोपायचं, त्यामुळे आजी खूश. चौथ्या दिवशी सकाळी, ८८ तासांचा असताना, आणला तेव्हा पावलांपर्यंत पिवळा. वजन २५९० ग्रॅम, म्हणजे ३१० ग्रॅम घटलेलं, जवळजवळ ११ टक्के. नेहमीची घट सात टक्क्यांच्या आसपास असते आणि दहाच्या पुढे गेली की दूध पोटात पुरेसं जात नाही असं धरायचं. आदल्या दिवसभरात लघवी दोनदाच. बिलीरुबिन १८.६.

हिशेब करा. ४८ तासांत ९.६ मिलिग्रॅम, म्हणजे दर तासाला ०.२. पहिला दिवस उलटल्यावर या वेगाने वाढत असेल तर नुसतं नवखं यकृत एवढंच कारण नाही, पेशी मोडताहेत असा संशय घ्यायचा. प्रतिद्रव्यांची चाचणी केली, सौम्य पॉझिटिव्ह आली. अशा बाळाची चौथ्या दिवसाची मर्यादा १७, आणि आकडा त्याच्या वर.

दोन्ही बाजूंनी लाइट लावले, दर दोन-अडीच तासांनी उठवून अंगावर पाजलं, उरलेलं आईचंच दूध काढून वाटी-चमच्याने दिलं. सहा तासांनी १६.९, चोवीस तासांनी १२.९. लाइट बंद केले. दुसऱ्या दिवशी परत तपासलं तर १३.६. बंद केल्यावर थोडं उसळतं, तेवढं चालतं. बाळ घरी गेलं.

यात नशीब एवढंच की घरच्यांनी कार्डावरची तारीख पाळली. "शांत बाळ" हे चौथ्या दिवशी कौतुक नसतं, त्याचं वजन करायचं असतं.

निळा लाइट नेमकं काय करतो? पेटीत बाळ भाजत नाही ना?

१९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. सगळं अंग फिकट, पण एक त्रिकोण गडद पिवळा. त्या जागेवर चादरीचा कोपरा पडलेला होता. चादरीखालचा भाग पिवळाच राहिला होता, बाकीचा उजेडाने उतरला होता. तिथल्याच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिवे लावून प्रयोग केले आणि १९५८ साली ते प्रसिद्ध केले. आज जगभर वापरतात ते यंत्र तिथून आलं.

निळ्या प्रकाशाने त्वचेतल्या बिलीरुबिनच्या रेणूची रचना बदलते. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो आणि यकृताच्या प्रक्रियेशिवाय पित्तातून आणि लघवीतून निघून जातो. ही अतिनील किरणं नाहीत, त्यामुळे भाजण्याचा प्रश्न नाही. काम होतं ते उघड्या त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचं, म्हणून लंगोट आणि डोळ्यांवरची पट्टी सोडून अंगावर काही ठेवत नाहीत. टोपडं, मोजे, झबलं घालून लाइटखाली ठेवलं तर तेवढी त्वचा कामातून गेली. डोळ्यांची पट्टी सरकून नाकावर येत नाही ना, हे मात्र आईनेही बघत राहावं.

शी पातळ आणि हिरवट होते. ते बिलीरुबिन बाहेर पडतंय, जुलाबाचं औषध नको. दूध पाजायला बाळ बाहेर काढता येतं. आकडा फारच वर असेल तर हा वेळ कमी ठेवायला सांगतात. लाइटमध्ये असताना आणि त्यानंतर लगेच त्वचेवर टेकवायच्या यंत्राचा आकडा धरू नये, कारण त्वचा आधी उतरते आणि रक्त मागून.

कोवळं ऊन दाखवलं तर चालेल?

त्रिकोणाची गोष्ट वाचून हा प्रश्न येणारच. उन्हात निळा प्रकाश असतो हे खरं. पण दहा-पंधरा मिनिटांच्या उन्हाने रेषेच्या वर गेलेला आकडा खाली येत नाही, आणि जास्त वेळ ठेवलं तर उघडं बाळ हिवाळ्यात गारठतं, उन्हाळ्यात सुकतं. अतिनील किरणं वेगळीच. सर्वांत मोठं नुकसान म्हणजे "ऊन दाखवतोय ना" या समाधानात दोन दिवस जातात. घरातली ट्यूबलाइट किंवा निळा झिरोचा बल्ब यांचा काही उपयोग नाही.

अंगावरचं दूध थांबवायचं का? ग्लुकोजचं पाणी?

नाही आणि नाही. पहिल्या आठवड्यातली पुष्कळशी कावीळ दूध कमी पडल्याने वाढते. दूध कमी म्हणजे शी कमी, आणि शी कमी म्हणजे आतड्यातलं बिलीरुबिन परत रक्तात. साखरपाणी, ग्लुकोज, मध, गुटी यांनी पोट भरतं पण शी होत नाही, आणि तेवढा दुधाचा घोट हुकतो. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजा. चीक फेकू नका, तो सौम्य रेचकाचं काम करतो. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळी शी जाऊन पिवळी यायला हवी आणि पाचव्या दिवसानंतर लघवीने दिवसात सहा दुपटी तरी भिजायला हवीत. एवढं होत असेल तर दूध पुरतंय.

दूध खरोखर कमी असेल, वजन फार घटलं असेल, तर डॉक्टर काही दिवस वरचं दूध सुचवतील. तो निर्णय वजनकाट्यावर घ्यायचा, सासूबाईंच्या अंदाजावर नाही.

बाळंतिणीने हळद, आंबा, पिवळी डाळ बंद करण्याची गरज नाही. हळदीचा रंग बाळात उतरत नाही. उलट अळणी, बिनतेलाचं खायला घालून आईलाच अशक्त करतात.

बाळाच्या जुन्या कपड्यांचा काविळीशी काय संबंध?

आहे, आणि हा मुद्दा फार कमी घरांत माहीत असतो. पहिल्यांदा जुने, मऊ कपडे घालायची आपल्याकडे रीत आहे. मोठ्या भावंडाची झबली, आजीच्या लुगड्याची दुपटी. हे सगळं ट्रंकेतून निघतं आणि ट्रंकेत डांबरगोळ्या असतात.

काही बाळांच्या, जास्त करून मुलग्यांच्या, तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं संरक्षक द्रव्य जन्मतः कमी असतं. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन श्वासातून किंवा त्वचेतून आत गेलं की अशा पेशी भराभर मोडतात आणि आकडा एका दिवसात उसळतो. बाळात ही कमतरता आहे की नाही हे आधी कळलेलं नसतं. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नका. आधीच ठेवली असेल तर कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस वाऱ्यावर टाका. नुसती इस्त्री करून घालणं तर उलटच, गरम कपड्यातून वाफ जास्त निघते.

काविळीची माळ, हात धुऊन कावीळ काढणं?

माळ गळ्यात अडकू शकते, एरवी निरुपद्रवी. पण ती लांबत जाते म्हणून कावीळ उतरतेय असं समजून तपासणी टाळू नका. चुन्याचं पाणी पिवळं होतं ते ज्या झाडपाल्याचा रस हाताला लावलेला असतो त्यामुळे. पोटावर डाग देणं मात्र सरळसरळ इजा आहे. त्यातून जंतुसंसर्ग होतो, आणि संसर्गाने कावीळ वाढते.

उपचार केलाच नाही तर काय होतं? रात्रीच निघावं अशी खूण कोणती?

बिलीरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं. सुरुवात फसवी असते: बाळ सुस्त, दूध ओढत नाही, अंग ढिलं. पुढे रडणं कर्कश आणि किनऱ्या आवाजात, मान आणि पाठ मागे धनुष्यासारखी ताणलेली, ताप, झटके. इथपर्यंत पोचून वाचलेल्या बाळांत बहिरेपण आणि हातापायांच्या अनैच्छिक हालचालींचा सेरेब्रल पाल्सी कायमचा राहू शकतो. पहिल्या टप्प्यात पोचलं तर बरेचदा नुकसान टळतं.

म्हणून पिवळं बाळ दुधासाठी उठत नसेल, दोन वेळा सलग प्यायलं नसेल, मागे वाकत असेल किंवा रडण्याचा सूर बदलला असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आकडा अतिशय जास्त असेल किंवा लाइटने उतरत नसेल तर बाळाचं रक्त थोडं थोडं काढून दात्याचं घालत एकूण रक्ताच्या दुप्पट रक्त बदलतात. वेळेत लाइट मिळालेल्या बाळांना याची गरज क्वचितच पडते. आकडा फार वर गेलेल्या बाळाची नंतर बेरा ही श्रवणचाचणी करून घ्या, बाळ टाळीला दचकतं यावर विसंबू नका.

सरकारी दवाखान्यात हे होतं का?

होतं. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशू कक्षांत लाइटची सोय असते आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या दिवशी त्या आल्या की बाळ उघडून, उजेडात दाखवा. गुंडाळलेल्या गाठोड्यातलं नुसतं तोंड दाखवून काही कळत नाही.

तीन आठवडे झाले, वजन छान वाढतंय, पण डोळे अजून पिवळे आहेत.

अंगावरच्या दुधावर छान वाढणाऱ्या काही बाळांत सौम्य पिवळेपणा महिना-दोन महिनेही रेंगाळतो. तो निरुपद्रवी असतो. पण तसं म्हणण्याआधी दोन गोष्टी बघाव्याच लागतात: लघवीने दुपट्यावर पिवळा डाग पडतो का, आणि शीचा रंग कोणता.

नवजात बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते, डाग राहत नाही. शी मोहरीसारखी पिवळी किंवा हिरवट असते. शी पांढुरकी, खडूसारखी, भिजवलेल्या शाडूसारखी असेल तर पित्त आतड्यात उतरत नाहीये. पित्तनलिका बंद होण्याचा एक आजार असतो. त्यात बाळ पहिले काही आठवडे गुटगुटीत दिसतं, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यश जास्त, पुढे प्रत्येक आठवड्याला कमी. हा पिवळेपणा निळ्या लाइटने जात नाही. तिथे रिपोर्टमध्ये एकूण आकड्यापेक्षा 'डायरेक्ट' बिलीरुबिनची ओळ बघायची. ती एकच्या वर असेल तर थांबायचं नाही.

पूर्ण दिवसांचं बाळ दोन आठवड्यांनंतर आणि अपुऱ्या दिवसांचं तीन आठवड्यांनंतरही पिवळं असेल, तर ही तपासणी करून घ्या. येताना त्या दिवशीचं शीचं दुपटं न धुता पिशवीत घालून आणा. नर्स नाक मुरडेल, पण मला ते हवं असतं.